वजनकाट्याची चोरी आणि शिक्षेची तीन कारणं

प्रश्न: मी एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहे. शिक्षेमागची कारणं म्हणून प्रतिशोध, जरब आणि पुनर्स्थापना अशी तीन नावं शिकवली, पण परीक्षेपुरत्या व्याख्या पाठ झाल्या तरी डोक्यात घोळ आहे. तिन्हींत प्रत्यक्ष फरक काय पडतो? आणि निकालपत्र वाचताना न्यायाधीशांनी कोणतं कारण धरलंय हे कसं ओळखायचं?

उत्तर:

मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो. आमच्या बोर्डावर खुनाचे खटले क्वचित येतात, चोऱ्या-माऱ्या रोज. त्यामुळे उदाहरणही छोट्या चोरीचंच घेतो. शिवाय भारतीय न्याय संहितेतल्या चोरीच्या एकाच पोटकलमात, 303(2) मध्ये, तुमची तिन्ही कारणं शेजारी शेजारी बसलेली दिसतात. व्याख्या बाजूला ठेवून आधी ते पोटकलम उघडा.

त्यात पहिल्यांदा येते सर्वसाधारण शिक्षा: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मग म्हटलंय की याच कलमाखाली दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर सक्तमजुरी, किमान एक वर्ष आणि जास्तीत जास्त पाच, वर दंड. आणि शेवटी एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी, आहे. चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. जुन्या दंड संहितेच्या कलम 379 मध्ये यातलं फक्त पहिलं होतं. बाकीची दोन 1 जुलै 2024 पासून लागू झाली.

आता समजा, आठवडी बाजारात एक मावशी जमिनीवर ताडपत्री टाकून भाजी विकतात. त्या पाणी आणायला उठल्या तेवढ्यात तेवीस वर्षांच्या एका मुलाने त्यांचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा पिशवीत घातला आणि तो चालता झाला. काटा दोन वर्षांपूर्वी 5,600 रुपयांना घेतलेला, आज विकायला गेलं तर 3,500 येतील. पोरगा चौथ्या दिवशी सापडला. पूर्वी कधी दोषी ठरलेला नाही. (ताडपत्री मुद्दाम घेतली. हाच काटा दुकानातून उचलला असता तर कलम 305 लागलं असतं, सात वर्षांपर्यंत कैद, आणि तिथे हे परंतुक नाही. वर्गात उदाहरण देताना इथेच बरेच जण घसरतात.)

या मुलाला शिक्षा का द्यायची?

प्रतिशोधवादी म्हणेल, कारण त्याने चूक केली आणि चुकीचं फळ त्याच्या वाट्याला यायला हवं. एवढंच. पुढे काय होईल, बाजारातल्या चोऱ्या कमी होतील का, पोरगा सुधारेल का, हे प्रश्न तो विचारतच नाही. त्याची नजर मागे वळलेली असते: काय केलं, कितपत समजून-उमजून केलं, आणि समोरच्याचं किती नुकसान झालं. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1797 मध्ये यासाठी एक टोकाचं उदाहरण दिलं. एका बेटावरचा समाज सगळ्यांच्या संमतीने मोडायचा ठरला आणि लोक जगभर पांगणार आहेत. तरी निघण्यापूर्वी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला शिक्षा द्यायलाच हवी, असं त्याचं म्हणणं. तिथे जरब बसवायला कुणी उरणार नाही, फायदा कुणालाच नाही. तरीही शिक्षा हवीच, असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर तुमच्यात एक प्रतिशोधवादी आहे. वाटत नसेल तर नाही. ही चाचणी मला आजही सगळ्यात चोख वाटते.

नवशिके इथे सूड आणि प्रतिशोध यांची गल्लत करतात. मावशींच्या भावाने त्या मुलाला बाजारात झोडपला तर तो सूड. सूड घेणारा स्वतः दुखावलेला असतो, म्हणून कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. प्रतिशोधाच्या शिक्षेत देणारा तिऱ्हाईत असतो आणि मोजमाप बांधलेलं असतं. जितकी चूक तितकीच शिक्षा, कमी नाही आणि मुख्य म्हणजे जास्तही नाही. सामान्य माणसाला प्रतिशोध हा शब्द क्रूर वाटतो, पण आरोपीचा वकील म्हणून उभं राहिल्यावर मला याच सिद्धान्ताचा सगळ्यात जास्त आधार मिळालाय. ‘एका वजनकाट्यासाठी एवढी शिक्षा प्रमाणाबाहेर आहे’ हा युक्तिवाद मुळात प्रतिशोधवाद्याचा आहे.

त्याची अडचण मोजपट्टीची. एका वजनकाट्याचे किती दिवस? काट्याची किंमत 3,500, पण काट्याशिवाय मावशींचा धंदा बसला, शेजारणीचा काटा मागून मागून वजन करावं लागलं, गिऱ्हाईक तुटलं. हेही नुकसानच आहे, पण ते तुरुंगाच्या दिवसांत कसं उतरवायचं हे प्रतिशोधवादी सांगू शकत नाही. हे त्याहून वाईट, हे त्याहून सौम्य, असा क्रम तो लावून देतो आणि कमाल मर्यादा दाखवतो. आकडा कायद्याच्या चौकटीतून आणि त्या-त्या कोर्टाच्या सवयीतून येतो. तीन वर्षांचा आकडाही फार मनावर घेऊ नका. वीस हजारांपर्यंतच्या मालाची चोरी संक्षिप्त पद्धतीने चालते, आणि तशा खटल्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद देताच येत नाही.

जरबेचा सिद्धान्त पुढे बघतो. झालेली चोरी काही परत फिरवता येत नाही, तर निदान पुढची टळावी. ही जरब दोघांवर बसवायची असते: या मुलावर, की पुन्हा हात लावू नको, आणि बाजारातल्या इतरांवर, की पुढच्यास ठेच मागचा शहाणा. 303(2) मधली दुसऱ्या गुन्ह्याची किमान एक वर्षाची तरतूद या विचारातून आलेली आहे. निव्वळ प्रतिशोधवाद्याला ती जरा टोचायला हवी. पहिल्या चोरीची शिक्षा भोगून झालीय. दुसऱ्या वेळचा काटा पहिल्याइतकाच मोलाचा आहे. मग शिक्षा एवढी वाढली कशाने? एकदा देऊन जरब बसली नाही म्हणून मात्रा वाढवली, हेच तिचं सरळ उत्तर.

जरबेबद्दल सगळ्यात उपयोगी गोष्ट इटलीच्या चेझारे बेकारियाने 1764 मध्येच सांगून ठेवलीय: शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती नक्की होणार का आणि लवकर होणार का, याने माणूस जास्त थबकतो. चोर कलम वाचून बाजारात येत नाही. तो बघतो की कुणी बघतंय का. म्हणून ‘शिक्षा दुप्पट करा, चोऱ्या थांबतील’ हे बोलायला सोपं असलं तरी त्यातला जोर चुकीच्या जागी लागतो.

आपल्या उदाहरणात तर गंमतच आहे. पाच हजारांच्या आतली चोरी आता अदखलपात्र झालीय. मावशी ठाण्यात गेल्या तर एनसी नोंदवून त्यांना मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगितलं जाईल, कारण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. बाजारचा दिवस बुडवून कोर्टाची पायरी कोण चढणार? म्हणजे ज्या सुधारणेने शिक्षा माणुसकीची केली, तिनेच पकडलं जाण्याची खात्री पातळ केली. माझ्या मते या बदलातली खरी भानगड हीच आहे, आणि सामुदायिक सेवा सौम्य की कडक यावर वाद घालणाऱ्यांच्या ती लक्षातच येत नाही.

उलट बाजूने, फार कडक शिक्षेचं काय होतं याचा धडा अठराव्या शतकातल्या इंग्लंडने दिलाय. तिथे राहत्या घरातून चाळीस शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीचा माल चोरला तर फाशी होती. ज्यूरीतल्या माणसांना एवढ्यासाठी कुणाला लटकवणं जिवावर यायचं. मग ते मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवायचे. कागदावरची फाशी जितकी कडक, तितकी प्रत्यक्षात ती बसण्याची शक्यता कमी. आपल्याकडे पाच हजारांची रेघ ओढल्यावर हीच ओढाताण सुरू होणार. फिर्यादी म्हणेल काटा 5,600 चा, हे बघा बिल. आरोपीचा वकील म्हणेल दोन वर्षं वापरलेला, आजचा भाव धरा. म्हणून अशा प्रकरणात कागद उघडला की मी आधी पंचनाम्यात किंमत कुणी, कशावरून लिहिलीय ते बघतो. बऱ्याचदा ती फिर्यादीने सांगितली म्हणून लिहिलेली असते.

जरबेच्या सिद्धान्तावरचा नैतिक आक्षेप तुम्हाला ठाऊक असेलच, पण तो आपल्या मुलावर लावून बघा. समजा न्यायाधीश म्हणाले, ‘या बाजारात अलीकडे चोऱ्या फार वाढल्यात, म्हणून इतरांना धडा मिळावा यासाठी याला जास्त कैद देतो.’ त्यातले जादा दिवस कोणत्या चोरीचे? त्याने न केलेल्या. इतरांना दाखवण्यासाठी त्याचा नमुना केला गेला. जरबवादी म्हणेल, केलीच ना त्यानेही चोरी. खरंय. पण मग प्रमाण कुठे संपतं हे जरबेला स्वतःहून सांगता येत नाही, त्यासाठी तिला प्रतिशोधाचीच मोजपट्टी उसनी घ्यावी लागते.

तिसरा माणूस, पुनर्स्थापनावादी, एक वेगळीच खुर्ची ओढून बसतो. पहिले दोघं बोलतात ते सरकार आणि आरोपी यांच्याबद्दल. मावशी त्यांच्या हिशेबी साक्षीदार क्रमांक एक. हा विचारतो: नुकसान कुणाचं झालं, तिला आता काय हवंय, आणि ते भरून देणं कुणाच्या अंगावर येतं? सुधारणावादाशी याची गल्लत करू नका. सुधारणावाद आरोपीला बदलायला बघतो, पुनर्स्थापना मोडलेलं सांधायला बघते. त्यात आरोपी बदलला तर उत्तम, पण मोजायचं ते मावशींच्या बाजूने.

आजच्या स्वरूपातल्या या पद्धतीची सुरुवात बहुतेक जण कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या एल्मिरा गावापासून धरतात. 1974 मध्ये दोन पोरांनी एका रात्रीत तिथल्या बावीस जणांच्या मालमत्तेची नासधूस केली. गाड्यांची टायरं फाडली, काचा फोडल्या. प्रोबेशन अधिकारी मार्क यांत्झी यांनी न्यायाधीशांना सुचवलं की यांना नुकसान झालेल्या लोकांच्या दारात जाऊन उभं करावं. न्यायाधीशांनी ते मान्य केलं. पोरं घरोघर गेली, आपण कोण ते सांगितलं, किती नुकसान झालं ते ऐकून घेतलं आणि पुढच्या काही महिन्यांत पैसे भरून दिले. यातला कठीण भाग पैशाचा नव्हता. दार उघडणाऱ्या माणसाला ‘ते आम्हीच’ असं सांगायचं, हा होता. तुरुंगात हे एकदाही सांगावं लागत नाही.

आता आपलं परंतुक या कसोटीवर तपासा. वस्तू परत करा ही अट पुनर्स्थापनेची आहे. आणि भाषा बंधनकारक आहे: तिन्ही अटी बसल्या तर कैदेची शिक्षा देता येत नाही. पण शिक्षा म्हणून जे येतं ती सामुदायिक सेवा. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा म्हणजे नागरिक सुरक्षा संहिता, तिच्या कलम 23 मध्ये या सेवेचा अर्थ दिलाय: समाजाच्या उपयोगाचं, बिनमोबदल्याचं काम. समाजाच्या, मावशींच्या नव्हे. मुलगा तालुका रुग्णालयाचं आवार झाडेल आणि मावशींना त्याचा पत्ताही लागणार नाही. किती तास, किती दिवस हेही संहितेत लिहिलेलं नाही, ते कोर्टावर सोडलंय. बुडालेल्या धंद्याबद्दल परंतुक गप्प आहे, ते फक्त वस्तू किंवा तिची किंमत एवढंच बोलतं. आणखी एक बारीक गोष्ट. काटा मुलाने आणून दिला, की पोलिसांनी त्याच्या खोलीतून जप्त केला आणि मावशींनी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्टाने मागितल्यास हजर करण्याच्या लेखी हमीवर, सोडवून नेला? काटा दोन्हीकडे मावशींच्या हातात आलाच. पण दुसऱ्या प्रकारात मुलाने काहीही भरून दिलेलं नाही, आणि पुनर्स्थापनावाद्याला तो फरक फार मोठा वाटेल.

माझ्या कोर्टात असल्या प्रकरणातली खरी पुनर्स्थापना परंतुकातून न होता तडजोडीतून होते. 303(2) ची चोरी मालकाला मिटवता येते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 प्रमाणे. फिर्यादी आणि आरोपी तडजोडीची पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात दाखल करतात आणि आरोपी सुटतो. चांगली तडजोड आणि वाईट तडजोड यांतला फरक पाचच मिनिटांत कळतो. कॉरिडॉरमध्ये मावशी स्वतः बोलतायत का, काट्याबरोबर बुडालेल्या बाजारांचे पैसे मागतायत का, मुलगा मान खाली घालून का होईना पण त्यांच्याशी बोलतोय का, हे बघायचं. की दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलंय आणि मावशी फक्त अंगठा उठवायला आल्यात? दुसऱ्या प्रकारात पुनर्स्थापनेच्या नावाखाली दबाव असतो. ज्याच्या हाती गावात जोर, त्याच्या बाजूने हिशेब मिटतो.

गंभीर गुन्ह्यात हा धोका किती वाढतो याचं एक उदाहरण लक्षात ठेवा. 2020 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली की त्याने पत्नीसह तक्रारदार महिलेच्या घरी राखी आणि मिठाई घेऊन जावं, तिच्याकडून राखी बांधून घ्यावी आणि भावाची ओवाळणी म्हणून 11,000 रुपये द्यावेत. वरवर बघता हे सगळं सांधण्याचंच वाटतं: भेट, पैसे, नातं. पण त्या बाईला काय हवंय हे या रचनेत कुठेच नव्हतं, आणि ज्याच्यापासून तिला संरक्षण हवं होतं त्यालाच तिच्या दारात पाठवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये ही अट रद्द केली. एल्मिरातही आरोपी दारात गेले होते. मात्र तिथे दाराबाहेरच्या माणसाची आतल्यांना भीती नव्हती, तो नको असेल तर दार लावून घेता येत होतं, आणि त्याने केलेलं नुकसान भरून निघण्यासारखं होतं. पुनर्स्थापना कुठे चालेल हे ठरवायला मी या तीन गोष्टी बघतो, गुन्ह्याचं नाव नंतर.

मग तिघांपैकी बरोबर कोण? माझा कल सांगतो, पटला नाही तर भांडा. मी प्रतिशोधाला छत मानतो: त्याच्या वर कुणालाही, कसल्याही कारणाने जाऊ देऊ नये. त्या छताखाली आधी पुनर्स्थापनेला जागा द्यावी, जर जिचं नुकसान झालं तिला ती खरंच हवी असेल. जरबेला सर्वात शेवटी, कारण निकालपत्रांत ती सर्वात जास्त वेळा येते आणि सर्वात कमी वेळा तपासली जाते. अमुक शिक्षेने अमुक गुन्हे घटतील याचा पुरावा खटल्यात कुणी मांडलेला नसतो, तरी वाक्य मात्र ठोकून दिलेलं असतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी निकालपत्र मागून वाचायला लागा. दोष सिद्ध झाल्याचं लिहून झालं की ‘शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीस ऐकले’ अशा अर्थाचं वाक्य येतं. त्यानंतरचे दोन-तीन परिच्छेद तुमच्या कामाचे. तिथे ‘गुन्ह्याचे स्वरूप’, ‘गांभीर्य’, ‘प्रमाणात’ असे शब्द आले तर प्रतिशोध. ‘असे गुन्हे वाढत आहेत’, ‘समाजात चुकीचा संदेश जाईल’, ‘वचक’ आले तर जरब. ‘आरोपी तरुण आहे, कुटुंबाचा भार त्याच्यावर आहे, संधी द्यावी’ हे दया किंवा सुधारणा, याला पुनर्स्थापना म्हणू नका. पुनर्स्थापना शोधायची तर अगदी शेवटच्या आदेशात जा. दंडाच्या रकमेतून फिर्यादीला काही द्यायला सांगितलंय का ते बघा. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 395 त्यासाठीच आहे. पाच हजार दंड झाला आणि फिर्यादीबद्दल आदेश नसेल, तर ते पाचही हजार सरकारजमा होतात. त्याच पानावर मुद्देमालाचा आदेश असतो. आपल्या खटल्यात तिथे एवढंच लिहिलेलं असेल: वजनकाटा एक नग, अपिलाची मुदत संपल्यावर, सुपूर्तनाम्यावर दिलेला असल्यास तो फिर्यादीकडे कायम करावा.